आवाज ऐकून वळलेला साक्षीदार: सूचक प्रश्न कसे ओळखायचे आणि जबाब कसा घ्यायचा

न्यायवैद्यक मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात सरावासाठी रचलेली एक घटना घेऊ. लातूर-औसा रस्त्यावरचा एक फाटा. ऑक्टोबर महिना, संध्याकाळचे सात, अंधार पडलेला. सोयाबीनची पोती भरलेली पिकअप मोंढ्याकडे निघालीय. फाट्यावरून एक मोटारसायकल मुख्य रस्त्यावर येते आणि दोघांची धडक होते. मोटारसायकलवरचा तरुण जखमी आहे. फाट्यापासून साधारण शंभर फुटांवर चहाची टपरी आहे आणि टपरीवाले मामा हे एकमेव साक्षीदार म्हणून पुढे आलेत. साठीच्या घरातले आहेत, साधे आहेत, खोटं बोलण्याचं त्यांना काहीच कारण नाही.

या लेखात या एकाच जबाबाचं काम आहे. खोटं बोलणारा साक्षीदार हा वेगळा विषय आहे. इथे प्रामाणिक माणसाच्या तोंडून न पाहिलेल्या गोष्टी कशा बाहेर येतात, त्या कोण घालतं आणि ते कसं टाळायचं, एवढंच पाहायचं आहे. उत्तर आपल्याच शब्दांत सुचवून ठेवणारा प्रश्न म्हणजे सूचक प्रश्न.

आधी बिघडलेला जबाब वाचा

जबाब घेणारा विचारतो, "मामा, पिकअपनं पोराला कसं उडवलं, सांगा."
"उडवलंच की साहेब. लई जोरात आवाज आला."
"भरधाव होती ना?"
"हो, जोरातच असंल. सीझनला समदेच पळवतेत."
"पिकअपचा फुटलेला हेडलाइट डावा होता की उजवा?"
"डावा... डावाच असंल."
"ड्रायव्हर मोबाईलवर बोलत होता, ते दिसलं का?"
"कानाला हात व्हता वाटतं."
"बरोबर."

कागदावर हे असं उतरतं: "पिकअपचा चालक मोबाईलवर बोलत, भरधाव वेगाने व निष्काळजीपणे वाहन चालवत आला व त्याने मोटारसायकलला जोराची धडक दिली. त्यात पिकअपचा डावा हेडलाइट फुटला. हे मी प्रत्यक्ष पाहिले."

आता पहिल्या उत्तरातलं एक वाक्य परत वाचा. "लई जोरात आवाज आला." मामा चहा गाळत होते आणि आवाज आल्यावर वळले असतील, तर धडक होताना त्यांनी काहीच पाहिलेलं नाही. त्यांनी पाहिला तो धडकेनंतरचा रस्ता. वेग, मोबाईल, कोण कुठून आलं, हे सगळं आवाजाच्या आधीचं आहे. आवाज आला तेव्हा तुम्ही कुठे पाहत होता, हा एक प्रश्न विचारलाच गेला नाही आणि त्या रिकाम्या जागेत चार प्रश्नांनी चार गोष्टी भरल्या.

रिकामी जागा मनात आपोआप कशी भरते

फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1932 साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. केंब्रिजमधल्या वाचकांना त्याने उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर पुन्हा पुन्हा आठवून लिहायला सांगितली. अनोळखी तपशील गळत गेले, काही ओळखीच्या रूपात बदलले, आणि कथा वाचकांच्या स्वतःच्या समजुतीला पटेल अशी होत गेली. आठवणं म्हणजे उरलेल्या तुकड्यांतून, आपल्याला जग जसं माहीत आहे त्याच्या आधाराने, प्रसंग पुन्हा उभा करणं. यालाच पुनर्रचनात्मक स्मृती म्हणतात.

मामांच्या बाबतीत हा आधार त्यांच्याच वाक्यात सापडतो: "सीझनला समदेच पळवतेत." सोयाबीनच्या दिवसांत पिकअपवाले कसे गाडी चालवतात, याचा त्यांच्या मनात एक साचा आहे. मोठा आवाज, आडवी पडलेली मोटारसायकल आणि हा साचा, या तिन्हींवरून मन मधला भाग उभा करतं. हा उभा केलेला भाग आतून पाहणाऱ्याला आठवणीसारखाच वाटतो. म्हणून "तुम्ही नक्की पाहिलं का?" असं दरडावून विचारल्याने काही सुटत नाही. ते प्रामाणिकपणे "हो" म्हणतील.

प्रश्नातलं क्रियापद काय करतं

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा 1974 चा प्रयोग प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो, पण त्याचा दुसरा भाग बहुतेक विद्यार्थी घाईत वाचतात. पहिल्या भागात 45 विद्यार्थ्यांना अपघातांच्या सात फिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्न एकच, क्रियापद वेगळं. "एकमेकांवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा" अशा अर्थाचं क्रियापद वापरलं तर सरासरी अंदाज ताशी 40 मैलांच्या वर गेला. "एकमेकींना लागल्या" अशा सौम्य क्रियापदाला तो 32 मैलांच्या आसपास राहिला.

एवढ्यावरून स्मृती बदलली असं म्हणता येत नाही. वेग नीट सांगता येत नसेल तर माणूस प्रश्नातल्या शब्दाकडे बघून आकडा वाढवेल. तरीही त्याची आठवण जशीच्या तशी राहू शकते. ही शंका तपासायला दुसरा भाग होता. 150 विद्यार्थी, 50 चे तीन गट: एकाला जोरदार क्रियापद, एकाला साधं, एकाला वेगाचा प्रश्नच नाही. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली का? फितीत काच फुटलेली नव्हती. जोरदार क्रियापदाच्या गटातले 16 जण "हो" म्हणाले, साध्या क्रियापदाच्या गटातले 7, आणि प्रश्न न विचारलेल्या गटातले 6. एका आठवड्यापूर्वीच्या एका क्रियापदाचा परिणाम दुसऱ्याच वस्तूबद्दलच्या उत्तरावर झाला. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या: जोरदार क्रियापदाच्या गटातलेच 34 जण "नाही"च म्हणाले. सूचक प्रश्नाने प्रत्येकाची आठवण बदलते असा याचा अर्थ कुठेही लावू नका, परीक्षेतही नाही.

मराठीत ही क्रियापदांची उतरंड फार ठळक आहे. चिरडलं, उडवलं, धडक दिली, ठोकली, धडक झाली, घासून गेली, लागली. यात आणखी एक गोष्ट आहे. "पिकअपनं धडक दिली" म्हटलं की कर्ता ठरला आणि दोषही ठरला. "दोघांची धडक झाली" म्हटलं की दोष खुला राहिला. मामांना पहिल्याच प्रश्नात "उडवलं" दिलं गेलं, आणि त्यांनी तोच शब्द परत केला. जबाब घेणाऱ्याने मात्र तो त्यांचा शब्द समजून पुढचा प्रश्न बांधला.

आता जबाब घ्यायला बसा

पहिली पायरी प्रश्नांची नाही, जागेची आहे. वहीत नकाशा काढा: टपरी, फाटा, पिकअप थांबली ती जागा, मोटारसायकल पडली ती जागा, अंतरं, दिवे. मामा कुठे उभे होते आणि तोंड कोणत्या दिशेला होतं, ते बाणाने दाखवा. उजेडाचा विचार करा. टपरीत बल्ब आहे, रस्ता अंधारात आहे. उजेडातून अंधारात पाहताना डोळ्यांना सरावायला मिनिटं लागतात, आणि कमी उजेडात रंग नीट ओळखता येत नाहीत. समोरून पिकअपच्या दिव्यांचा झोत येत असेल तर काचेमागचा ड्रायव्हर शंभर फुटांवरून दिसणं अवघड. ही नोंद आधी केलेली असली की मोबाईलचा तपशील आला तेव्हा तुम्ही तिथे थांबता.

दुसरी पायरी: मधल्या वेळात साक्षीदार कोणाशी बोलला, ते विचारा. अपघातानंतर टपरीवर गर्दी जमते आणि तासभर तोच विषय चालतो. ग्रुपवर फोटो फिरतात. 2003 साली फिओना गॅबर्ट आणि सहकाऱ्यांनी असा प्रयोग केला, की जोडीतल्या दोघांनी एकाच घटनेच्या थोड्या वेगळ्या चित्रफिती पाहायच्या, मग आपसात चर्चा करायची आणि नंतर एकेकट्याने आठवून सांगायचं. चर्चा केलेल्यांपैकी 71 टक्के लोकांनी किमान एक तरी अशी गोष्ट सांगितली जी त्यांना फक्त जोडीदाराकडून कळू शकत होती. माहिती आठवते, ती कुठून आली ते विसरतं. म्हणून "कोणाकडून काय ऐकलं?" हे सुरुवातीलाच, आरोपाचा सूर न ठेवता विचारा आणि वेगळ्या पानावर लिहा. साक्षीदार एकापेक्षा जास्त असतील तर त्यांना वेगवेगळं बसवा, आणि एकाला दुसऱ्याचा जबाब ऐकू देऊ नका.

तिसरी पायरी म्हणजे चार वाक्यांची सूचना. ती घाईत उरकू नका, कारण आपल्याकडे साहेबासमोर "माहीत नाही" म्हणणं वयस्कर माणसालाही जड जातं. वाक्यं साधारण अशी: "मामा, मी तिथं नव्हतो, काय झालं ते मला माहीत नाही. तुम्ही जे स्वतः पाहिलं, ऐकलं तेवढं सांगा, बारीकसारीकही सोडू नका. जे दिसलं नाही त्याला 'दिसलं नाही' म्हणा, ते उत्तर बरोबरच आहे. अंदाज करू नका, आणि माझं काही चुकलं तर मला टोका."

चौथी पायरी: एकच खुला प्रश्न आणि मग गप्प बसणं. "त्या संध्याकाळी तुम्ही काय करत होता तिथपासून सांगा." साक्षीदार थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकायचा मोह होतो. मनातल्या मनात दहा अंक मोजा. बहुतेक वेळा तो स्वतःच पुढे बोलतो. मधे "बरोबर", "अच्छा, म्हणजे ड्रायव्हरचीच चूक" असं काही म्हणू नका. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी 1998 मध्ये दाखवलं, की चुकीच्या माणसाला ओळखलेल्या साक्षीदारांना नुसतं "छान, तुम्ही संशयितालाच ओळखलंत" अशा अर्थाचं सांगितलं तर त्यांची खात्री वाढते. एवढंच नाही, आपल्याला तेव्हा चेहरा जास्त नीट दिसला होता आणि आपलं लक्षही जास्त होतं, असं ते सांगू लागतात. वरच्या जबाबातलं एक "बरोबर" हेच काम करतं.

अशा पद्धतीने विचारल्यावर मामा काय सांगतील ते पाहा:

"म्या चहा गाळत व्हतो. धाडकन आवाज आला. वळून पाह्यलं तर मोटारसायकल आडवी, पोरगं कडेला पडलेलं. पिकअप थोडी म्होरं जाऊन थांबली. डायव्हर उतरून पोराकडं पळत आला. मंग म्या बी गेलो."

हे बिघडलेल्या जबाबापेक्षा लहान आहे आणि कितीतरी जास्त उपयोगी आहे. आवाजाच्या आधी डोळे कुठे होते ते कळलं. ड्रायव्हर थांबला आणि मदतीला आला, हे कोणी विचारलंही नव्हतं, तेही आलं.

पाचवी पायरी: आता त्यांच्याच शब्दांना धरून पुढे जा. "तुम्ही म्हणालात, वळून पाहिलं. वळल्याबरोबर सगळ्यात आधी काय दिसलं?" "पिकअप थांबली म्हणालात, ती कुठे थांबली ते या कागदावर दाखवा." मग कुठे, केव्हा, कोण, कसं. "का" शक्यतो टाळा, कारण त्याला उत्तर म्हणून अंदाजच येतो. हो-नाहीचा प्रश्न सगळ्यात शेवटी, आणि तोही राहिलेल्या एखाद्याच मुद्द्यापुरता.

अडलं तर एडवर्ड गायझलमन आणि रोनाल्ड फिशर यांनी 1980 च्या दशकात बांधलेल्या बोधात्मक मुलाखतीतली, म्हणजे साक्षीदाराला आठवायला मदत करणाऱ्या मुलाखत-पद्धतीतली, दोन साधनं वापरा. एक, प्रसंग मनात उभा करायला लावणं: हातात काय होतं, गिऱ्हाईक कोण होतं, कोणता आवाज चालू होता. दुसरं, शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावणं. उलट्या क्रमात "नेहमी असंच होतं" हा साचा तितका मदतीला येत नाही. या पद्धतीत दुसऱ्याच्या जागेवरून प्रसंग पाहायला सांगण्याचंही एक तंत्र आहे. नवशिक्यांनी ते वापरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण साक्षीदार त्याला कल्पना करायची परवानगी समजू शकतो.

सूचक प्रश्न चाळून काढायची रीत

जबाब संपल्यावर ध्वनिमुद्रण ऐका आणि प्रत्येक तपशिलापुढे एकच गोष्ट लिहा: हा तपशील सर्वात आधी कोणाच्या तोंडून आला? बिघडलेल्या जबाबात "उडवलं", "भरधाव", "हेडलाइट" आणि "मोबाईल" हे चारही शब्द विचारणाऱ्याच्या तोंडून आधी आलेत. साक्षीदाराचं स्वतःचं म्हणून उरतं ते "लई जोरात आवाज आला" आणि "सीझनला समदेच पळवतेत". त्यातलं एक ऐकलेलं आहे आणि दुसरं मत आहे. "कानाला हात व्हता वाटतं" हे मोबाईलच्या प्रश्नामागूनच आलं आणि तेही अंदाजाच्या रूपात. पाहिलेलं म्हणता येईल असं एकही नाही.

प्रश्नाची ठेवण ओळखायला मराठीत काही ठळक खुणा आहेत. शेवटी "ना" किंवा "की नाही" आलं तर उत्तर आधीच ठरलेलं असतं. "पिकअपचा फुटलेला हेडलाइट डावा की उजवा" या प्रश्नात दोन दोष आहेत. हेडलाइट फुटला हे गृहीत धरलंय, आणि पर्याय दोनच दिलेत. "फुटला नव्हता" असं म्हणायला मामांना प्रश्नच मोडावा लागेल. "ड्रायव्हर मोबाईलवर बोलत होता, ते दिसलं का" हा वरवर साधा हो-नाहीचा प्रश्न वाटतो, पण बोलणं खरं धरून फक्त दिसण्याबद्दल विचारतो. आणि तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की साक्षीदाराला वाटतं, पहिलं उत्तर साहेबांना पटलं नाही. मुलांच्या जबाबात तर हे फार घडतं.

उत्तरातल्या खुणाही ऐका. "असंल", "वाटतं", "असणार" ही अंदाजाची रूपं आहेत. लिहून घेताना ती गळाली की अंदाजाची साक्ष होते. "डावाच असंल"चं "डावा हेडलाइट फुटला" झालं, ते तिथेच. म्हणून साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे लिहा, "व्हता", "म्होरं" सकट. "भरधाव वेगाने व निष्काळजीपणे" ही कागदाची भाषा आहे. टपरीवरचा माणूस असं बोलत नाही, आणि जबाबात ते शब्द दिसले तर ते कोणी घातले हे शोधायला हवं.

यानंतर तपशील तीन रकान्यांत वाटा: पाहिलं, ऐकलं, अनुमान किंवा दुसऱ्याकडून कळलं. मामांच्या चांगल्या जबाबात पहिल्या रकान्यात आडवी मोटारसायकल, थांबलेली पिकअप आणि पळत आलेला ड्रायव्हर येतात. दुसऱ्यात धाडकन आवाज. वेग तिसऱ्यात जातो. तो फेकून द्यायचा नाही, पण साक्षीदाराने पाहिलेला वेग म्हणून वापरायचाही नाही.

न्यायालयात हे का सुटत नाही

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 146 मध्ये सूचक प्रश्नांचे नियम आहेत. साक्षीदार आणणारा पक्ष त्याला आधी प्रश्न विचारतो ती सरतपासणी, विरुद्ध पक्ष विचारतो ती उलटतपासणी आणि त्यानंतर पहिला पक्ष पुन्हा विचारतो ती फेरतपासणी. विरुद्ध पक्षाने हरकत घेतली तर सरतपासणीत आणि फेरतपासणीत न्यायालयाच्या परवानगीशिवाय असे प्रश्न विचारता येत नाहीत. प्रास्ताविक, निर्विवाद किंवा आधीच पुरेशा सिद्ध झालेल्या बाबींबद्दल न्यायालय परवानगी देतं. उलटतपासणीत ते विचारता येतात. पण हा नियम साक्षीच्या पिंजऱ्यातल्या प्रश्नांना आहे. सरकारी वकील तिथे अगदी साधं विचारतील, "काय पाहिलंत?" आणि मामा म्हणतील, "पिकअप भरधाव आली, ड्रायव्हर मोबाईलवर होता." प्रश्न निर्दोष आहे आणि उत्तर मात्र पूर्वीच्या जबाबातून आलेलं आहे. शिवाय मधे महिने, कधी वर्षं गेलेली असतात, आणि मूळ आठवण जितकी फिकी, तितकी नंतर घुसलेली माहिती तिची जागा सहज घेते.

पोलिसांना दिलेल्या जबाबावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार साक्षीदाराची सही घेतली जात नाही, पण पुढे त्याच्या साक्षीतली विसंगती दाखवायला तोच जबाब समोर ठेवला जातो. म्हणजे मामांनी न्यायालयात खरं सांगितलं, की "म्या आवाजानंतर वळलो", तर तेच पलटले असं दिसेल. याच संहितेच्या कलम 180 खाली जबाबाचं ध्वनिचित्रमुद्रण करता येतं. असं मुद्रण असेल तर "हा शब्द आधी कोणाचा" हे तपासता येतं. फक्त टंकलेला कागद असेल तर ते जवळपास अशक्य आहे, कारण त्यात प्रश्न नसतातच. अहवालात तसं स्पष्ट लिहा.

निष्कर्षाची मर्यादा

प्रयोगशाळेतले आकडे जसेच्या तसे रस्त्यावर आणू नका. जॉन युइल आणि ज्युडिथ कटशॉल यांनी 1986 मध्ये कॅनडातल्या एका खऱ्या गोळीबाराच्या 13 साक्षीदारांना चार-पाच महिन्यांनी भेटून विचारलं, त्यात दिशाभूल करणारे दोन प्रश्नही घातले. त्यांचा फारसा परिणाम झाला नाही, आणि जबाब बऱ्यापैकी अचूक राहिले. हे लोक प्रसंगाच्या जवळ होते आणि त्यांनी तो स्वतः नीट पाहिला होता. मामांची स्थिती उलटी आहे, मधला भाग त्यांनी पाहिलेलाच नाही. सूचक प्रश्नाचा धोका सर्वात जास्त कुठे, तर साक्षीदाराकडे मुळात काही साठवलेलंच नाही त्या जागी.

दुसरा वाद मायकेल मॅक्लॉस्की आणि मारिया झारागोझा यांनी 1985 मध्ये उभा केला. चुकीची माहिती मूळ आठवण पुसते, की मूळ तपशील लक्षातच नसलेला माणूस नंतर कळलेली माहिती सांगतो? त्यांच्या चाचणीत पर्यायांमधून ती चुकीची माहिती काढून टाकली, तेव्हा दिशाभूल झालेले लोक मूळ वस्तू ओळखण्यात बाकीच्यांइतकेच ठीक निघाले. उत्तरपत्रिकेत "आठवण पुसली गेली" असं ठाम लिहिण्याऐवजी "जबाब बदलला" लिहिणं अचूक आहे.

आणि बिघडलेला जबाब आधीच घेतला गेला असेल तर? चांगल्या प्रश्नांनी दुसरा जबाब घेऊन पहिला धुऊन निघत नाही, कारण साक्षीदाराला आता ते चार तपशीलही आठवतात. अशा वेळी ज्या वस्तूंना प्रश्न विचारता येत नाहीत त्यांच्याकडे जा. घटनास्थळ पंचनाम्यात काचेचे तुकडे कोणत्या दिव्याचे नोंदवलेत, पिकअपचे दोन्ही हेडलाइट शाबूत आहेत का, टायर घासल्याच्या खुणा किती लांब आहेत, ड्रायव्हरच्या मोबाईलच्या कॉल नोंदीत त्या वेळेला काय आहे. आपल्या सराव-घटनेच्या पंचनाम्यात रस्त्यावर सापडलेली काच मोटारसायकलच्या इंडिकेटरची आहे आणि पिकअपचे दोन्ही हेडलाइट चालू आहेत. डाव्या हेडलाइटचा तपशील इथे पडतो. तो पडला म्हणजे मामा खोटे ठरत नाहीत. पण त्याच चार प्रश्नांतून आलेले वेग आणि मोबाईल हे तपशीलही स्वतंत्र पुराव्याशिवाय वापरता येणार नाहीत, हे अहवालात कारणासह नोंदवा.